नव्वद टक्के आणि नऊ टक्के

(कनिष्ठ महाविद्यालयांतील विज्ञान व पर्यावरण विषयांच्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

आयोजकांनी पत्रिकेत माझा विषय ‘प्लास्टिक पुनर्चक्रीकरणाचे मूल्यमापन : तीन कसोट्या’ असा छापला आहे आणि त्यासाठी मला पाऊण तास दिला आहे. त्या तीनही कसोट्यांपर्यंत मी येणार आहे, असे आश्वासन आरंभीच देऊन ठेवतो. माझे काही जुने सहकारी पहिल्या रांगेत बसले आहेत आणि माझ्या आश्वासनांची किंमत त्यांना ठाऊक आहे. त्यांनी कृपया घड्याळाकडे न पाहता माझ्याकडे पाहावे.

कसोट्यांकडे जाण्याची माझी वाट दोन विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या एका संवादातून जाते. ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या विषयाच्या प्रकल्पवह्या आपण सगळ्यांनीच तपासल्या आहेत. मुखपृष्ठावर हिरवी पृथ्वी, आत छापील चित्रे आणि शेवटी ‘प्लास्टिकचा वापर टाळा’ अशी सूचना, असा त्यांचा ठरलेला साचा असतो. एका गावातल्या साऱ्या वह्या एकाच झेरॉक्सच्या दुकानात जन्मल्या आहेत, अशी शंका येते. म्हणून मी वर्गात एक वेगळी अट घातली. प्रकल्प दोघांनी मिळून आणि संवादाच्या रूपात लिहायचा. प्रत्येकाने दुसऱ्याचे किमान एक विधान खोडायचे आणि खोडताना आकडा दिला, तर तो कशापैकी कशाचा आहे हे त्याच वाक्यात सांगायचे. ‘पुनर्चक्रीकरणाचा खरोखर उपयोग होतो का?’ हा प्रश्न ज्या जोडीने घेतला, त्यांनी पात्रांना ‘मानणारा’ आणि ‘न मानणारी’ अशी नावे दिली. त्यांची वही माझ्याकडे आहे. तिच्यातला पहिला भाग वाचून दाखवतो.

‘मानणारा : अगं, आपल्या देशात पेटच्या, म्हणजे पाणी भरतात त्या पारदर्शक प्लास्टिकच्या, बाटल्यांचे नव्वद टक्के पुनर्चक्रीकरण होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या अभ्यासातला आकडा आहे हा.

न मानणारी : आणि जगात आजवर जो प्लास्टिक कचरा झाला, त्यातला फक्त नऊ टक्के पुनर्चक्रीकरणाला गेला. हाही शास्त्रज्ञांनीच काढलेला आकडा आहे. आता नव्वद खरे मानायचे की नऊ?’

येथे थांबू. आपल्या बहुतेक वादसभा नेमक्या याच ठिकाणी संपतात. एक बाजू नव्वद म्हणते, दुसरी नऊ म्हणते आणि परीक्षक ज्याचा आवाज मोठा त्याला ढाल देतात. या दोघांनी मात्र अट पाळली आणि एकमेकांच्या आकड्यांचे छेद तपासले. छेद म्हणजे अपूर्णांकातला खालचा आकडा. गणिताच्या शिक्षकांसाठी हे सांगितले नाही, पर्यावरणवाल्यांसाठी सांगितले.

नऊ टक्क्यांचा आकडा रोलँड गायर, जेना जॅमबेक आणि कारा लॅव्हेंडर लॉ यांच्या २०१७ सालच्या निबंधातला आहे. त्यांच्या हिशेबानुसार १९५० पासून २०१५ पर्यंत जगाने सुमारे ८३० कोटी टन नवे प्लास्टिक तयार केले आणि त्यातून सुमारे ६३० कोटी टन कचरा झाला. त्या कचऱ्यापैकी ९ टक्के पुनर्चक्रीकरणाला गेला, १२ टक्के जाळला गेला आणि उरलेला ७९ टक्के कचराभूमीत किंवा उघड्यावर साठला. म्हणजे या आकड्याच्या छेदात पिशव्या, नळ, खुर्च्या, गाद्यांचा फोम, वेष्टने हे सगळे आहे, सगळे देश आहेत आणि पासष्ट वर्षे आहेत. नव्वद टक्क्यांच्या छेदात एकच देश, एकच वस्तू आणि अलीकडचा काळ आहे. तंतू वगळले तर जगातल्या प्लास्टिकमध्ये पेटचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी भरतो. त्यामुळे एका देशातल्या बाटल्या कितीही नेटाने गोळा झाल्या, तरी जगाचा तो नऊचा आकडा जागचा फारसा हलणार नाही. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. वहीत हे उमगल्याची खूण अशी आहे :

‘न मानणारी : म्हणजे तू बाटलीबद्दल बोलतो आहेस आणि मी प्लास्टिकबद्दल.

मानणारा : मग आपण भांडतो आहोत कशावर?

न मानणारी : तू बाटली दाखवून माझ्याकडून बाकी सगळ्याला होकार काढतो आहेस, त्यावर.’

हे वाक्य सोळा वर्षांच्या मुलीने लिहिले आहे. व्यासपीठावर आमच्यासमोर पाण्याच्या ज्या बाटल्या मांडल्या आहेत, त्यांच्या साक्षीने मी ते आपल्या हवाली करतो.

आता बाटलीच का परत येते, हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर या जोडीने बादलीत शोधले. हा प्रयोग आपण सर्वांनी करावा असा असल्याने जरा सविस्तर सांगतो. पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा एक तुकडा, तिच्या झाकणाचा एक तुकडा, दुधाच्या पिशवीचा एक, विजेच्या तारांसाठी वापरतात त्या पीव्हीसी नळीचा एक आणि दोन वेगवेगळ्या चंदेरी पाकिटांचे एकेक, असे नखाएवढे तुकडे कापून घ्यायचे. बादलीतल्या पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा आणि प्रत्येक तुकडा बोटाने पाण्याखाली दाबून सोडायचा. साबण विसरलात, तर पृष्ठताणामुळे आणि चिकटलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे बुडणारा तुकडाही वर राहतो आणि प्रयोग फसतो. पहिल्या दिवशी या जोडीचे सगळेच तुकडे तरंगले आणि ‘प्लास्टिक पाण्यावर तरंगते’ असे निरीक्षण वहीत आले. ते खोडलेले आजही दिसते.

साबण पडल्यावर चित्र बदलले. झाकण आणि दुधाची पिशवी तरंगली, बाटली आणि नळी बुडाली. झाकण पॉलिएथिलीनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असते आणि त्याची घनता पाण्याहून थोडी कमी, ०.९० ते ०.९६ च्या दरम्यान असते. पेटची घनता १.३८ च्या आसपास असते. कारखान्यातही नेमके हेच होते. भंगारवाल्याकडून बाटल्यांचे दाबलेले गठ्ठे येतात, ते फोडतात, रंगाप्रमाणे बाटल्या निवडतात, लेबले काढतात, बाटल्या दळून त्यांचा चुरा करतात, तो चुरा कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन लेबलाचा गोंद उतरवतात आणि पाण्याच्या लांब टाकीत सोडतात. झाकणांचा चुरा वरून काढून घ्यायचा आणि पेटचा चुरा तळातून. बाटलीला झाकण लावून द्यावे की काढून, यावर आमच्या सोसायटीत दोन सभा झाल्या. टाकीला त्याचे काहीच वाटत नाही.

टाकीला वाटते ते पीव्हीसीचे, कारण पीव्हीसीही बुडते. त्याची घनता पेटच्या इतकी जवळ आहे, की पाण्यात मीठ विरघळवून पाहिले तरी उपयोग होत नाही. मिठाचे संपृक्त द्रावणही १.२ च्या पुढे जात नाही आणि दोन्ही तुकडे तळालाच राहतात. काही बाटल्यांवर जी आवळून बसवलेली बाही असते, ती कधी कधी पीव्हीसीची असते. तिचे कण पेटच्या चुऱ्यात राहिले, तर पेट वितळवण्याच्या तापमानाला, म्हणजे २६० अंश सेल्सिअसच्या वर, त्यांतून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. हे आम्ल पेटच्या रेणुसाखळ्या तोडते आणि माल पिवळा पडतो, त्यात काळे ठिपके दिसतात. पाणीही तेच करते. चुरा नीट वाळवला नाही, तर वितळताना ओलाव्यामुळे साखळ्या तुटतात. म्हणून वितळवण्याआधी तो दहा लाख भागांत पन्नास भागांहूनही कमी पाणी उरेपर्यंत वाळवावा लागतो. साखळ्यांची लांबी कमी झाली की पेटचे काय होते, हे घरातल्या शेवयांवरून समजेल. लांब शेवया एकमेकींत गुंततात आणि उचलल्या तर एकत्र उचलल्या जातात, चुरा झालेल्या शेवया चमच्यातून गळतात. बाटलीला फुगवून ताणायचे असल्याने लांब साखळ्या लागतात. धागा काढायला त्यांहून आखूड चालतात. म्हणूनच आपल्याकडे पेटचा चुरा मुख्यतः पॉलिएस्टरचा तंतू करण्याकडे वळतो. आखूड साखळ्या पुन्हा लांब करता येत नाहीत असे नाही. निर्वात जागेत दोनशे अंशांच्या आसपास, न वितळवता, तासन्‌तास तापवत ठेवले की त्या जोडल्या जातात. पण त्यासाठी यंत्र, वीज आणि मुळात स्वच्छ चुरा लागतो.

राहिली चंदेरी पाकिटे. दोन कंपन्यांची पाकिटे दिसायला सारखी असून एकाचा तुकडा तरंगला आणि दुसऱ्याचा बुडाला. अशा पाकिटांत अनेकदा दोन-तीन पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले असतात आणि मध्ये ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. एक पापुद्रा पॉलिएथिलीनचा आणि दुसरा पेटचा असेल, तर पहिला ११० अंशांच्या आसपास वितळतो आणि दुसरा २५० च्या आसपास. कमी तापमानाला पेट तसाच घट्ट राहतो, जास्त तापमानाला पॉलिएथिलीन बिघडू लागते. शिवाय पाकीट वजनाला इतके हलके, की किलोभर गोळा करायला कचरावेचक बाईला दिवस घालवावा लागेल आणि तरीही भंगाराच्या दुकानात त्याला गिऱ्हाईक मिळणार नाही. वहीत यावर असे लिहिले आहे :

‘मानणारा : पण पाकिटावरही बाणांचा त्रिकोण छापलेला आहे.

न मानणारी : त्रिकोणातला सात आकडा वाच. एक ते सहा यांत जे बसत नाही ते सगळे सातात. त्रिकोण म्हणजे हे कशाचे बनले आहे याची खूण. कोणी ते परत घेणार आहे, असे त्यात कुठे लिहिले आहे?’

त्रिकोणाची ही पद्धत १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केली आणि ती राळेचा, म्हणजे मूळ प्लास्टिकचा, प्रकार ओळखण्यासाठी होती. गिऱ्हाईकाला मात्र बाण फिरताना दिसतात आणि त्याचे मन निश्चिंत होते.

आता या वहीचे पुढे काय झाले ते सांगतो. हे सांगू नकोस, असे मला घरून बजावले आहे. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी वही चाळली, बादलीचे पान पाहून ‘हा भौतिकशास्त्राचा भाग आहे’ असा शेरा दिला आणि शेवटच्या पानावर लाल शाईने ‘निष्कर्ष नाही’ असे लिहून श्रेणी खाली आणली. मी त्यांना विनंती केली, की शेवटचा परिच्छेद वाचावा. तो असा आहे : ‘बाटलीच्या बाबतीत उपयोग होतो, पाकिटाच्या बाबतीत जवळजवळ होत नाही आणि बाटलीचा शर्ट झाला तर उपयोग किती, हे त्या शर्टामुळे काय विकले गेले नाही यावर अवलंबून आहे.’ परीक्षक म्हणाले, ‘सर, हे तीन निष्कर्ष झाले. विद्यार्थ्यांनी एक बाजू घ्यायला हवी.’ मी विचारले, की प्रयोगशाळेत मिश्रणातील धातू ओळखताना तीन धातू मिळाले, तर आपण एकाच धातूची बाजू घेतो काय? ते म्हणाले, ‘ते रसायनशास्त्र आहे.’ मग त्यांनी शेजारची वही उचलली. तिच्यात कापडी पिशवीचे रंगीत चित्र होते आणि ‘म्हणून प्लास्टिकला नाही म्हणा’ असा निष्कर्ष होता. तिला वरची श्रेणी मिळाली. त्या वहीला प्लास्टिकचे वेष्टन घातलेले होते, हे मी त्या वेळी बोललो नाही, म्हणून आता बोलतो.

आपण हसलात, पण हा प्रश्न एका परीक्षकापुरता नाही. ‘उपयोग होतो की नाही?’ असे विचारले, की विद्यार्थी वस्तू सोडून भूमिका शोधू लागतो. ‘कोणत्या वस्तूच्या बाबतीत, कितव्या फेरीपर्यंत?’ असे विचारले, तर तो बादली शोधतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. तिच्यावर ‘दहा मिनिटे’ असे लिहिले असून ‘दहा’ खाली दोन रेघा ओढल्या आहेत. तेव्हा छापील विषयाकडे वळतो.

पहिली कसोटी, माल किती वेळा परत येतो. वहीतलाच हिशेब घेऊ. समजा, १०० बाटल्यांमागे गोळा होण्यातली आणि धुण्यादळण्यातली घट जाऊन ८० बाटल्यांचा माल पुन्हा बाटलीत गेला, त्यातून पुढच्या फेरीला ६४ आणि मग ५१. ही भूमितीय श्रेणी आहे आणि तिची बेरीज ५०० येते; एकदा केलेल्या पेटमधून पाचपट बाटल्या मिळाल्या. परत येण्याचे प्रमाण ५० टक्के असेल, तर बेरीज २०० भरते आणि ९० असेल तर १०००. ऐंशीवरून नव्वदला जाण्याने फळ दुप्पट होते आणि तीसवरून चाळीसला जाण्याने १४३ चे १६७ होतात. रंग पिवळसर होत जातो, नवा दाणा, म्हणजे खनिज तेलापासून केलेले कोरे प्लास्टिक, मिसळावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात इतके मिळत नाही. दिशा मात्र हीच राहते. बाटलीचा तंतू केला, तर एक बाटली आणि एक शर्ट किंवा उशीतला भराव एवढ्यावर बेरीज थांबते, कारण कापडाचे पुन्हा कापड होण्याचे प्रमाण नगण्य आहे. मघाच्या निबंधातही कृत्रिम तंतूंचे लक्षणीय पुनर्चक्रीकरण होत नसल्याचे नोंदले आहे आणि जे ९ टक्के पुनर्चक्रीकरणाला गेले, त्यातलेही एकदशांशच एकाहून अधिक वेळा गेले आहे. नव्वद टक्के बाटल्या गोळा होणे आणि नव्वद टक्के बाटल्या पुन्हा बाटल्या होणे यांत एवढे अंतर आहे.

दुसरी कसोटी, त्याने कशाची जागा घेतली. गायर यांनीच ट्रेव्हर झिंक यांच्यासह मांडलेला मुद्दा असा, की पुनर्चक्रीकरणाने पर्यावरणाचा फायदा होतो तो नवा माल तितका कमी तयार झाला तरच. बाटलीच्या तंतूचा शर्ट नव्या पॉलिएस्टरऐवजी विकला गेला, तर खनिज तेल वाचले. तोच तंतू स्वस्त मिळाला म्हणून घरात आणखी दोन उशा आल्या, तर नवा दाणा करणारा कारखाना पूर्वीइतकाच चालू आहे. हे भावावर ठरते. तेल उतरले की नवा दाणा स्वस्त होतो आणि जुन्याला गिऱ्हाईक राहत नाही. २०२० मध्ये तेल कोसळले तेव्हा पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांना हा फटका बसला. आपल्याकडच्या २०२२ च्या नियमांनी कठीण प्लास्टिकच्या वेष्टनांत २०२५-२६ पासून ३० टक्के जुना माल वापरण्याचे बंधन घातले असून ते २०२८-२९ पर्यंत ६० टक्क्यांवर न्यायचे आहे. यातून जुन्या मालाला भाव उतरला तरी मागणी राहील. पण आज ज्या बाटल्या तंतूला जातात, त्याच बाटलीकडे वळल्या, तर तंतूवाले नवा माल घेतील. त्या पहिल्या फेरीत देशाच्या एकूण हिशेबात काही वाचणार नाही. वाचेल ते दुसऱ्या फेरीत, कारण बाटली पुन्हा गोळा होते आणि शर्ट होत नाही.

तिसरी कसोटी, पुनर्चक्रीकरण करताना काय सांडले आणि न करता काय झाले असते. पाकिटे आज पुष्कळदा सिमेंटच्या भट्टीत जातात. तेथे कोळसा थोडा वाचतो, उघड्यावर जळण्याहून ते नक्कीच बरे. पण पाकिटाचे पाकीट झालेले नसल्याने ते जाळण्याच्या रकान्यात मोजावे. बाटलीच्या बाजूने नवा दाणा बनवण्यापेक्षा निम्म्याहूनही कमी कर्बउत्सर्जन आहे, आणि विरुद्ध बाजूने धुण्याचे पाणी आहे. ब्रिटनमधल्या एका कारखान्याची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानुसार गाळणी नसताना आत आलेल्या प्लास्टिकपैकी वजनाने सुमारे १३ टक्के आणि गाळणी बसवल्यावरही सुमारे ६ टक्के सूक्ष्मकण होऊन पाण्यात जाऊ शकते. अर्थात, हा एकाच कारखान्याचा अंदाज आहे आणि आपल्याकडच्या लहान धुलाई केंद्रांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. मुलांच्या संवादात हा मुद्दा नव्हता; यंदाच्या जोडीला मी धुतलेल्या चुऱ्याचे पाणी गाळणकागदातून गाळायला आणि कागद वाळवून आधीच्या व नंतरच्या वजनातला फरक काढायला सांगितले आहे. सर्वांत बारीक कण साध्या गाळणकागदातूनही निसटतील, तेव्हा कोणता कागद वापरावा हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावे.